शून्य रिजेक्शनच्या वहीत काय लपलं होतं

11 जून 2024, मंगळवार. दुपारी तीनच्या सुमारास ग्राहक कंपनीच्या क्वालिटी विभागातून फोटो आला. फोटोत आमचा बेअरिंग हाउसिंगचा नग होता आणि त्याच्या भोकात नो-गो प्लग गेज सरळ आत गेलेला दिसत होता. नो-गो म्हणजे जो आत जायलाच नको तो. मापाबाहेरचा नग लाइनवर सापडला, आता सगळा माल तपासून द्या, असा निरोप सोबत होता.

चाकण भागातल्या मशिन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. पुढचे पाच महिने कसे गेले ते तारखांसकट लिहितो आहे. आपल्या हाताखालची माणसं आपल्याला खरं सांगत नाहीत हे कळल्यावर नेमकं कुठून सुरू करायचं, हे मला कुठे नीट वाचायला मिळालं नव्हतं. इतरांना थोडा उपयोग झाला तर बरंच आहे.

आधी नगाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बिडाच्या कास्टिंगमध्ये सीएनसी लेथवर 35 मिलिमीटरचं भोक करायचं, माप 35.000 ते 35.025. म्हणजे एकूण सवलत 25 मायक्रॉनची. एका तासाला साधारण 24 नग निघतात आणि भोक कापणाऱ्या इन्सर्टची एक कड दीडशे नगांपर्यंत टिकते. कड झिजत जाते तसं भोक लहान होत जातं, म्हणून ऑपरेटर अधूनमधून कंट्रोलरच्या `WEAR` पानावर दोन-चार मायक्रॉनची भर घालत राहतो. दीडशे नगांनंतर ही भर 18-20 मायक्रॉनवर जाते. मग कड बदलायची. नवी कड झिजलेली नसते, त्यामुळे जुनी भर तशीच राहिली तर पहिलं भोक मोठं येणार हे ठरलेलं. शिवाय नवी कड दर वेळी नेमकी त्याच जागी बसत नाही. म्हणून कड बदलल्यावरचे दोन-तीन नग बिघडू शकतात. लेथवर काम केलेल्या कोणालाही हे माहीत असतं, आणि मलाही होतं.

12 तारखेला सकाळीच दोन इन्स्पेक्टर ग्राहकाकडे पाठवले. तक्रार आली की चोवीस तासांत पहिलं पाऊल, म्हणजे संशयित माल वेगळा काढणं, लेखी कळवावं लागतं. तिथे पडून असलेले 1,460 नग एकेक करून तपासले, त्यात 31 मोठे निघाले. आमच्या प्रत्येक नगावर ठिपक्यांचा क्रमांक उमटवलेला असतो. इन्स्पेक्टरला मी सांगितलं होतं की नुसती संख्या नको, क्रमांकही लिहून आण. पुढचं सगळं या एका सूचनेमुळे हाती लागलं. ते 31 क्रमांक विखुरलेले नव्हते. तीन-तीनचे नऊ झुबके आणि चारचा एक, आणि दोन झुबक्यांत सुमारे दीडशे नगांचं अंतर. म्हणजे दहा वेळा कड बदलली होती आणि दहाही वेळा सुरुवातीचे बिघडलेले नग चांगल्या मालात गेले होते. तेही तिन्ही शिफ्टमध्ये.

एकाची चूक असती तर एकाच शिफ्टमध्ये दिसली असती. तिन्ही शिफ्ट एकच गोष्ट करत होत्या, म्हणजे ती चूक नव्हती, पद्धत होती.

13 तारखेला गुरुवारची सुट्टी होती. 14 तारखेला तीन महिन्यांच्या तपासणी वह्या घेऊन बसलो. दर तासाला एक माप लिहायचं असतं, त्यामुळे सुमारे 1,600 आकडे होते. ते एक्सेलमध्ये भरायला एका ट्रेनी मुलीला दीड दिवस लागला. एकही आकडा 35.008 च्या खाली नव्हता आणि एकही 35.016 च्या वर नव्हता. मग मी तयार मालाच्या बिनमधून हाताला येतील ते 50 नग उचलले आणि एअर गेजवर स्वतः मोजले. ते 35.002 पासून 35.024 पर्यंत पसरलेले होते. सगळे मापात, पण पसारा वहीतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. वहीतली मशिन आमच्या शॉपमध्ये नव्हतीच.

वह्या नुसत्या चाळल्या तरी आणखी काही दिसतं. आठ तासांच्या आठ नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या होत्या. ज्या तासाला मशिन बंद होती त्या तासालाही माप हजर होतं. कड बदलल्यावरच्या पहिल्या नगाच्या रकान्यात तीन महिन्यांत एकदाही ‘नापास’ नव्हतं. तुमच्याकडे अशा वह्या असतील तर माणसांना विचारण्याआधी हे पाहून घ्या. माणसाला विचारलं की तो सावध होतो, वही होत नाही.

दर्जा नियंत्रणातले अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांनी अशाच एका आलेखाची हकिगत सांगितली आहे. एका कारखान्यात सदोष मालाचं प्रमाण रोज दहा टक्क्यांच्या जरा खाली राहायचं आणि दहा कधी ओलांडायचं नाही. कारण हे होतं की दहा टक्के झाले तर व्यवस्थापक कारखानाच बंद करील अशी अफवा होती, आणि तपासणी करणारी बाई सगळ्यांच्या नोकऱ्या वाचवत होती. मला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. आपल्याच वहीत ती बसलेली असेल हे मात्र सुचलं नव्हतं.

आता विचारायचं कसं? इथे मी दोन चुका केल्या.

पहिली चूक 18 जूनची. अकरा जणांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवून म्हणालो, “मोकळेपणाने बोला, कोणावर कारवाई होणार नाही.” अकराही जण टेबलाकडे बघत राहिले. शेवटी एक सुपरवायझर म्हणाला, “साहेब, आपण अजून काळजी घेऊ.” दुसरी चूक म्हणजे सूचनापेटी. दोन आठवड्यांत तीन चिठ्ठ्या आल्या. एक कॅन्टीनच्या भाजीबद्दल, एक संडासाच्या तुटलेल्या कडीबद्दल आणि एक कोरी. कडी दुरुस्त करून घेतली. चिठ्ठी लिहून काय होतं, हे माणसं आधी अशाच गोष्टींवर तपासून बघतात, असं मला आता वाटतं.

8 जुलैला तिसऱ्या शिफ्टला गेलो. फाइल नाही, सोबत कोणी नाही. मशिनची मापं लावून देणारे सेटर हे निवृत्तीला आलेले गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ‘कोणी केलं’ हे विचारायचंच नाही आणि माणसाबद्दल नाही, नगाबद्दल विचारायचं, एवढं ठरवून गेलो होतो. पहाटे अडीचला कड बदलायची वेळ आली तेव्हा म्हणालो, “तात्या, आता पहिला नग निघेल, तो कुठे जातो ते मला दाखवा.” तात्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पहिला नग काढला, मोजला, 35.031 आला. त्यांनी तो बाकावर ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही उभे आहात म्हणून इथे ठेवला. नसता तर बिनमध्ये गेला असता. साहेब, तुम्हाला आकडा पाहिजे होता, आम्ही आकडा दिला.”

आकडा कोणता, ते मला लगेच कळलं. एप्रिलमध्ये मीच एक परिपत्रक काढलं होतं: सेटिंग रिजेक्शन शून्य. त्याआधी कड बदलल्यावरचे नग सर्रास लाल बिनमध्ये जायचे आणि महिन्याला दोनेकशे कास्टिंग वाया जायची. वरून विचारणा झाली, मी फर्मान काढलं. पहिल्याच महिन्यात आकडा शून्यावर आला आणि मी त्याबद्दल मिठाईही वाटली. ती मिठाई खाताना सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन आठवड्यांत आणखी सहा-सात वेळा असंच मशिनशेजारी उभं राहिल्यावर कारणं एकेक करून बाहेर आली. ती ‘भीती’ या एका शब्दात मावत नाहीत.

ऑपरेटरचा हिशोब अगदी सरळ आहे. मोठा झालेला नग लाल बिनमध्ये टाकला तर लाल स्लिप भरायची, त्यावर सुपरवायझरची सही घ्यायची, तोवर मशिन थांबते. वीसेक मिनिटं गेली की तासाचा आकडा चुकतो आणि बोर्डावर लाल पेनाने लिहिला जातो. महिन्यात लाल तास ठरावीक संख्येच्या वर गेले की 900 रुपयांचा इन्सेंटिव्ह बुडतो. नग बिनमध्ये सरकवला तर आज काहीच होत नाही, आणि बहुतेक वेळा उद्याही नाही. आमच्या लाइनवर निम्म्याहून जास्त मुलं ठेकेदाराची. सात महिने झाले की ब्रेक, मग परत घ्यायचं की नाही ते ठेकेदार ठरवतो, आणि ठेकेदार सुपरवायझरला विचारतो. परभणीकडचा एक मुलगा म्हणाला, “माझं नाव एकदा लाल स्लिपवर आलं की ब्रेकनंतर फोन येत नाही.” असा नियम कुठेही लिहिलेला नाही. मी ठेकेदाराकडून मागच्या दोन ब्रेकच्या याद्या मागवून लाल स्लिपांशी ताडून पाहिल्या. मुलगा खरं सांगत होता.

दुसरं कारण आमच्या फॉर्ममध्येच होतं. तक्रारीचा अहवाल भरताना मूळ कारणाशेजारी ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना होता. गेल्या वर्षाचे 23 अहवाल काढले. त्यातल्या 16 मध्ये कारण ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपाय ‘ऑपरेटरला समज दिली’. खाली त्या ऑपरेटरची सही. दर वेळी समज देऊन तीच तक्रार परत येत होती हे कोणी पाहिलं नाही, कारण फॉर्म पूर्ण भरलेला होता. ज्याने खरं सांगितलं त्याच्या हातात शेवटी स्वतःच्या सहीचा कागद यायचा.

तिसरं कारण मी होतो. एका सुपरवायझरला विनंती केली की पावणेनऊच्या मीटिंगमध्ये वाईट बातमी आल्यावर माझा पहिला शब्द काय असतो, तो दोन आठवडे डायरीत लिहा. बारा मीटिंगांमध्ये 19 वाईट बातम्या आल्या. चौदा वेळा माझा पहिला शब्द होता ‘कोण’: कोण होतं मशिनवर, कोणाची शिफ्ट. दोन वेळा मी नुसता सुस्कारा टाकला होता, तोही त्याने इमानाने लिहिला होता. आपण शांतपणे ऐकतो अशी माझी खात्री होती. ही नोंद दुसऱ्याच कोणाकडून करून घ्या, स्वतःच्या आठवणीवर जाऊ नका.

आणि मधली पायरी. ऑपरेटर सेटरला सांगतो “तीन गेले”, सेटर सुपरवायझरला सांगतो “सुरुवातीचे जरा वर-खाली आले”, सुपरवायझर मला सांगतो “थोडं टाइट चाललंय, बघतोय.” कोणीच खोटं बोललेलं नसतं. प्रत्येक पायरीवर फक्त संख्या गळते. त्यानंतर मी अशा शब्दांची यादीच ठेवली: ‘होऊन जाईल’, ‘किरकोळ आहे’, ‘मॅनेज केलंय’, ‘साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका’. यातलं काही कानावर आलं की एकच विचारायचं: किती नग? आवाज न चढवता. उत्तर आलं नाही तर त्यांच्यासोबत मोजायला जायचं. ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकलं की मी हल्ली उठून बूट घालतो.

22 जुलैला प्लांट हेडना भेटलो. तोवर ग्राहकाची डेबिट नोट आली होती, वेगळं काढण्याची मजुरी आणि लाइन थांबल्याचा खर्च मिळून 1 लाख 86 हजार. मी तीन गोष्टी मागितल्या. शून्याचं परिपत्रक लेखी मागे घ्यायचं. कड बदलल्यावर तीन नगांपर्यंत सूट, ते पिवळ्या बिनमध्ये, वर फक्त वेळ आणि माप, नाव नाही, सही नाही, आणि तो तास लाल धरायचा नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड होती: पुढचे तीन महिने रिजेक्शनचा आकडा वाढेल आणि तो वाढू द्यायचा. खर्चही मांडला. दिवसाला साधारण तीन वेळा कड बदलते, प्रत्येकी तीन नग, 210 रुपयांचं कास्टिंग, म्हणजे दिवसाला 1,890 आणि 26 दिवसांचे 49 हजारांच्या वर. ते म्हणाले, “म्हणजे नुकसान वाढवायला परवानगी मागतोयस.” मी म्हणालो, नुकसान आजही आहे, ते ग्राहकाच्या लाइनवर आहे. इथे हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं काम उपयोगी पडलं. त्यांचा 1996 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर होता. ज्या गटांत नेतृत्व आणि आपसातला मेळ चांगला, तिथे चुकांची नोंद कमी असेल असं त्यांना वाटलं होतं. निघाली जास्त, कारण तिथल्या परिचारिका चुकांबद्दल बोलत होत्या. साहेब फारसे पटलेले दिसले नाहीत, पण तीन महिने दिले. ही परवानगी आधी घ्या. आकडा वाढल्यावर घ्यायला गेलात तर ती सबब वाटते.

2 ऑगस्टला पिवळे बिन ठेवले. पहिले चार दिवस रिकामे. पाचव्या दिवशी तात्यांनी तीन नग टाकले आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. पावणेनऊच्या मीटिंगला मी ते तीन नग टेबलावर ठेवून विचारलं, “हे वाचवता येतील का?” ‘कोण’ हा शब्द जिभेवरून मागे ढकलावा लागला, हे कबूल करतो.

उत्तर तात्यांकडे आधीपासूनच होतं. कड बदलली की `WEAR` मधली भर शून्यावर न्यायची, वर आणखी 20 मायक्रॉन कमी करायचे, म्हणजे पहिलं भोक मुद्दाम लहान येतं. नग पकडून ठेवणाऱ्या चकमध्ये तो तसाच ठेवून बोअर गेजने भोक मोजायचं, लागेल तेवढी भर घालायची आणि त्याच नगावर पुन्हा कट घ्यायचा. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान करता येत नाही. नग चकमधून काढायचा मात्र नाही, काढून परत पकडला की केंद्र हलतं. याला सहा मिनिटं जास्त लागतात. ती सहा मिनिटं बोर्डावर लाल दिसली असती म्हणून कोणी करत नव्हतं. आम्ही कड बदलण्याच्या तासाचं लक्ष्य 24 वरून 20 केलं. ऑगस्टअखेर एका बदलामागे तीनऐवजी सरासरी एकही नग जात नव्हता, म्हणजे मांडलेल्या खर्चाचा तिसरा हिस्साही लागला नाही. वहीतलं एकूण रिजेक्शन मात्र 0.2 टक्क्यांवरून 1.7 वर गेलं होतं, कारण इतर मशिनींवरचंही बाहेर येऊ लागलं.

आणि मग 27 ऑगस्टला सगळं ढासळलं. दुसऱ्या लाइनच्या एका ऑपरेटरने ड्रिल तुटल्यावर बिघडलेले नऊ नग स्वतःहून सांगितले. सुपरवायझर रजेवर होता, बदलीच्या माणसाने जुन्या पद्धतीने एचआरला कळवलं आणि एचआरने मेमो दिला. मला दोन दिवसांनी कळलं. पिवळ्या बिनवर आधीच उमटलं होतं: 28 तारखेपासून तिन्ही शिफ्टमध्ये शून्य. शून्य दिसलं की आता मला धडकी भरते.

मेमो मागे घेणं हे मेमो देण्यापेक्षा फार लांबचं काम निघालं. एचआर म्हणालं, मागे घेण्याचा फॉरमॅटच नाही, वैयक्तिक फाइलमधला कागद काढता येत नाही. शेवटी वेगळं पत्र तयार झालं, ‘सदर मेमो रद्द समजण्यात यावा’, त्यावर प्लांट हेडची सही, एक प्रत फाइलमध्ये, एक ऑपरेटरच्या हातात आणि एक त्याच्या संमतीने नोटीस बोर्डावर. 4 सप्टेंबर उजाडला. तेव्हाच सीमा कुठे आहे तेही लिहून लावलं: शिफ्ट संपायच्या आत सांगितलेल्या बिघाडावर मेमो नाही. पण न मोजता माप लिहिणं, गेजशी छेडछाड आणि मशिनचं गार्ड काढून चालवणं याला ही सूट नाही. ही दुसरी ओळ नसती तर पहिलीवर वरच्यांची सही मिळाली नसती. बिन परत भरायला गणपती उलटून तीन आठवडे गेले. जे उभं करायला महिना लागला होता ते एका दिवसात पडलं, आणि दुसऱ्यांदा जास्त वेळ लागला.

एक उलटतपासणी अजून चालू आहे आणि ती सोडू नका: कास्टिंगचा ताळेबंद. स्टोअरमधून दिलेली कास्टिंग एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पाठवलेले नग, लाल आणि पिवळं बिन, लाइनवर पडलेले नग. दोन बाजूंतला फरक म्हणजे न सांगितलेली बातमी. जुलैत 4,000 मागे 68 नगांचा पत्ता नव्हता. त्यातले बरेचसे कूलंट टाकीच्या मागे आणि भंगाराच्या ढिगात सापडले. ऑक्टोबरमध्ये, खंडेनवमीच्या पूजेसाठी मशिनी धुतल्या तेव्हा, 4,000 मागे 11 होते.

ठेकेदाराच्या ब्रेकचा प्रश्न सुटलेला नाही. स्लिपवरचं नाव काढलं, पण सुपरवायझरच्या डोक्यातलं काढता येत नाही. ब्रेकनंतर कोणाला परत घेतलं नाही त्याची यादी आता दर महिन्याला माझ्याकडे येते आणि मी प्रत्येक नावामागचं कारण लेखी मागतो. तरी नवी मुलं पहिले दोन महिने काही सांगत नाहीत.

19 नोव्हेंबरला रात्री पावणेबाराला फोन वाजला. दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर होता. “साहेब, चार गेले. तीन पिवळ्यात आहेत, एक सापडत नाहीये. कदाचित चांगल्यात मिसळला असेल.” मी विचारलं, गाडी निघाली का? म्हणाला, गेटवर उभी करून ठेवलीय. दोन तास बिन उपसून नग सापडला, 35.029. गाडी पावणेदोनला सुटली आणि ग्राहकाला उशिराचं पत्र मी सकाळी लिहिलं.